खारी-पावाच्या बेकरीत केक सुरू करायचाय? चिलरचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी हा हिशोब करा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात छोट्या बेकऱ्या बऱ्याच आहेत आणि आपल्यापैकी बरेच जण आता खारी, टोस्ट, पावाच्या जोडीला एगलेस केक ठेवायचा विचार करतायत. कारण साधं आहे, ३५० चा केक विकला की निम्म्याहून जास्त सुटतात असं जो तो सांगतो, आणि सांगण्यात सगळ्यात पुढे असतो तो चिलर विकणारा. "काका, दिवसाला पाच केक गेले तरी पैसे वसूल." पाच हा आकडा कुठून आला ते मात्र तो सांगत नाही. मी हा हिशोब स्वतःच्या दुकानासाठी केला, मग ओळखीच्या दोघातिघांना करून दिला, म्हणून इथे सगळा पायरीपायरीने लिहितोय. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, भाव तुमच्या बिलावरचे टाका, पद्धत तीच राहील.

हे समोर घेऊन बसा:
- मागच्या तीन महिन्यांची खरेदीची बिलं (मैदा, मार्जरिन, पॅकिंग, हाथीखान्यातून आणता तीही)
- लाइटबिल, गॅसचं बिल किंवा सिलिंडरच्या पावत्या
- भाडेकरार, लोनच्या हप्त्यांचा कागद, पगाराची वही
- रोजच्या विक्रीची वही, निदान चार आठवड्यांची
- एक वजनकाटा आणि एक साधी एक्सेल शीट

विक्रीची वही नसेल तर हिशोब आज करू नका, आधी चार आठवडे लिहा. अंदाजाने टाकलेला विक्रीचा आकडा नेहमी चांगल्या दिवसाचा असतो, रविवारचा वगैरे.

१. खर्चाचे दोन ढीग करा

पहिला ढीग म्हणजे माल बनवला तरच होणारा खर्च: मैदा, मार्जरिन, यीस्ट, पाऊच, भट्टीचा गॅस. दुसरा ढीग म्हणजे शटर उघडलं नाही तरी द्यावा लागणारा: भाडं, पगार, हप्ते. ऐकायला सोपं वाटतं पण दोन ठिकाणी सगळे अडकतात.

एक, पगार. कारागीर महिन्यावर असेल तर तो दुसऱ्या ढिगात, आणि घाण्यावर किंवा नगावर पैसे घेत असेल तर पहिल्या ढिगात. तोच माणूस, तेच काम, पण पैसे कसे देता त्यावर ढीग बदलतो, आणि पुढे पाचव्या पायरीत बघाल की सगळा निकाल यावरच फिरतो.

दोन, लाइट आणि गॅस. एमजीव्हीसीएलच्या बिलात स्थिर आकार वेगळा लिहिलेला असतो, तो दुसऱ्या ढिगात, फ्रिज आणि दिवे यांची वीजही तिथेच कारण ती मालावर अवलंबून नाही. बिल दोन महिन्यांचं आलं असेल तर अर्धं करायला विसरू नका. भट्टीचा गॅस मात्र मोजायचा. पाइपचा गॅस असेल तर घाण्याआधी आणि घाण्यानंतर मीटरचा आकडा लिहा, १९ किलोचा सिलिंडर असेल तर तो काट्यावर ठेवून आधीचं आणि नंतरचं वजन घ्या. तीन-चार घाण्यांची सरासरी काढली की किलोमागे गॅस किती हे कळतं, नाहीतर लोक काय करतात की महिन्याचं बिल घेतात आणि मनाला येईल तसं वाटून टाकतात.

स्वतःचा पगार दुसऱ्या ढिगात घालाच. घरखर्चाला गल्ल्यातून उचलता तो आकडा. तो नाही घातला तर बेकरी कागदावर छान चालते आणि घर उधारीवर.

जीएसटीचं इथेच उरकून टाकतो. नोंदणी नसेल तर खरेदीवर भरलेला टॅक्स परत मिळत नाही, म्हणून मालाचा भाव टॅक्ससकट धरा. नोंदणी असेल तर उलट, खरेदी टॅक्स वगळून धरा आणि विक्रीच्या किमतीतूनही टॅक्स काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक-पेस्ट्रीवर १८ ऐवजी ५ टक्के आहे, म्हणजे टॅक्ससकट ३५० च्या केकमधले तुमचे साधारण ३३३ च. पाव-ब्रेडवर टॅक्स नाही पण गुजरातमध्ये नोंदणीची ४० लाखांची मर्यादा मोजताना पावाची विक्रीही धरली जाते, केकमुळे ती ओलांडणार का ते बघून ठेवा. खालचं उदाहरण नोंदणी नसलेल्या दुकानाचं आहे.

२. आताच्या मालावर नगामागे किती सुटतं ते काढा

विक्रीची किंमत वजा पहिल्या ढिगातला खर्च, म्हणजे काँट्रिब्युशन. हा नफा नाहीये, यातून अजून भाडं-पगार जायचंय. पण महिन्याचा भार उचलतो तो हाच पैसा.

खारी एक किलो, विक्री २४० ला. मैदा ६५० ग्रॅम ४० च्या भावाने २६, मार्जरिन ४०० ग्रॅम १६० च्या भावाने ६४, मीठ-जिरं ४, गॅस १२, पाऊच ६, आणि चुरा ८. चुरा लिहायला लोक विसरतात, खारी आहे, तुटणारच, तुटलेली अर्ध्या भावात जाते किंवा घरी येते. एकूण १२०, म्हणजे किलोमागे १२० सुटले.

पावाची लादी, सहा पावांची, सेव-उसळवाल्यांना १८ ला जाते. खर्च १०, सुटले ८.

रोज २० किलो खारी आणि २०० लाद्या धरा. खारीचे २४०० आणि पावाचे १६००, दिवसाला ४००० काँट्रिब्युशन. विक्री दिवसाला ८४०० ची.

३. आताचं दुकान कुठल्या तारखेला पार होतं?

दुसरा ढीग: भाडं १८,०००, कारागीर आणि हेल्पर मिळून २६,०००, काउंटरवरचा मुलगा ८,०००, स्थिर वीज आणि फ्रिज ४,०००, ओव्हनचा हप्ता ६,०००, दुरुस्ती-फोन वगैरे ३,०००, स्वतःचे २०,०००. बेरीज ८५,०००.

आता ८५,००० भागिले ४,००० म्हणजे सव्वाएकवीस. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं असेल तर बाविसाव्या दिवशी तुम्ही भार फेडून वर येता आणि त्यापुढचे पावणेपाच दिवस तुमचे, महिन्याला १९,०००. मला ब्रेक-इव्हन असं दिवसांत बघायला आवडतं, कारण "महिन्याला १,७८,५०० ची विक्री" हा आकडा डोक्यात राहत नाही पण "बावीस दिवस" राहतो. काउंटरवर बसल्या बसल्या कळतं की यंदा लग्नाला म्हणून चार दिवस दुकान बंद ठेवलं तर जवळपास सगळी कमाई गेली.

एक लक्षात ठेवा, हे बावीस दिवस खारी आणि पाव आताच्या प्रमाणात विकले तरच. पावात रुपयामागे ४४ पैसे सुटतात आणि खारीत ५०. सेव-उसळवाल्यांची ऑर्डर वाढली आणि खारी घटली तर गल्ला तेवढाच दिसेल आणि दिवस वाढतील.

४. केकचा हिशोब वेगळा मांडा, जुनं भाडं त्यात घालू नका

इथे दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतं भाडं निम्मं केकवर टाका, कारण केकही त्याच दुकानात विकणार. नका टाकू. १८,००० भाडं केक सुरू केला तरी जाणार आणि नाही केला तरी जाणार, निर्णयात त्याचा काही संबंध नाही. केकसाठी शेजारचा गाळा घेतला तर त्याचं भाडं मात्र पूर्ण केकवर. दुसरं माणूस म्हणजे चिलरवाला, जो केकवर काहीच टाकत नाही.

केकमुळे *नव्याने* वाढणारा महिन्याचा खर्च: चिलरचा हप्ता ५,०००, चिलरची वीज २,५००, मिक्सरचा हप्ता २,०००, केक सजवणारा कारागीर पगारावर १४,०००, बोर्ड-फोटो-किरकोळ ५००. एकूण २४,०००. (हप्ता संपला की रकाना शून्य करू नका, मशीन कधीतरी बदलावंच लागतं, तेवढेच पैसे बाजूला टाकत राहा.)

अर्धा किलोचा केक, विक्री ३५०. प्रीमिक्स, तेल, क्रीम, फिलिंग, गॅस मिळून १०० आणि डबा-बोर्ड-सुरी-मेणबत्ती ३०. बघितलं तर २२० सुटतात. पण क्रीमचा केक शोकेसमध्ये दोन-तीन दिवसांच्या वर ठेवण्यासारखा नसतो. दहा बनवले आणि नऊ विकले तर दहाव्याचे १०० रुपये त्या नऊ केकवर बसतात: १,००० भागिले ९, म्हणजे १११, वर डब्याचे ३०. खर्च १४१, सुटले २०९. डबा फक्त विकलेल्याला लागतो म्हणून तो वाटला नाही.

२४,००० भागिले २०९ म्हणजे ११५ केक. दिवसाला साडेचार. म्हणजे चिलरवाल्याचा पाचचा आकडा खोटा नव्हता! फक्त अर्धा होता, पुढे बघा.

५. ओव्हनचा तास कुणाकडून काढून घेताय?

ही पायरी जवळपास सगळे सोडतात आणि खरी मेख इथेच आहे. ओव्हन दुपारी रिकामा, थंड पडलेला असेल तर हा भाग सोडून द्या. पण खारी-पावाच्या बेकरीत बहुतेक वेळा तसं नसतं, पहाटे पाव, मग खारी, दुपारी पुन्हा संध्याकाळचा पाव. केकला एक तास दिला की खारीचा एक तास गेला.

समजा ओव्हनमधून तासाला ५ किलो खारी निघते. ५ गुणिले १२०, म्हणजे ६०० रुपयांचं काँट्रिब्युशन. रोज एक तास केकला दिला तर महिन्याला १५,६०० बुडाले. हे कुठल्याही बिलावर येत नाहीत म्हणून दिसत नाहीत, पण केकने ते भरून द्यायलाच हवेत. आता (२४,००० + १५,६००) भागिले २०९: १९० केक. दिवसाला साडेचारवरून सात-साडेसातवर गेलो, बाकी काहीही न बदलता.

अर्थात ती ५ किलो खारी विकली जात होती का हे आधी बघा. रोज संध्याकाळी सातला खारी संपते आणि गिऱ्हाईक परत जातं, तर बुडालेले ६०० खरे आहेत. रोज तीन-चार किलो उरत असेल तर कमी धरा. आणि डबल डेक ओव्हनला दोन्ही डेकचे थर्मोस्टॅट वेगळे असतील तर एक डेक खारीच्या तापमानावर ठेवून दुसऱ्यात १७०-१८० वर स्पंज लागतो, मग अर्धाच घाणा जातो.

यावर उपाय आहे. स्पंज रोज भाजायची गरज नाही, थंड करून क्लिंग फिल्ममध्ये नीट गुंडाळलेला स्पंज दुसऱ्या दिवशी चालतो, उलट क्रीम लावायला थोडा आदल्या दिवशीचाच बरा, भुगा कमी पडतो. एका तासात १६ टिन लागत असतील तर एक दिवसाआड भाजा, दिवसाला ८ केक मिळाले आणि ओव्हनचे तास २६ ऐवजी १३ झाले. बुडालेली खारी ७,८००. आता (२४,००० + ७,८००) भागिले २०९, म्हणजे १५३ केक. दिवसाला सहाला थोडा कमी.

शीटमध्ये हे एका ओळीत बसतं. B1 मध्ये नवा महिन्याचा खर्च, B2 मध्ये बुडालेलं खारीचं काँट्रिब्युशन, B3 केकची किंमत, B4 केकमागचा खर्च वायासकट:

```
=ROUNDUP((B1+B2)/(B3-B4),0)
```

आता वरची बाजू बघा. दिवसाला ८ च केक निघतात, महिन्याला २०८. म्हणजे १५३ च्या खाली तोटा आणि २०८ च्या वर माल नाही, सगळा खेळ मधल्या ५५ केकचा. सगळेच्या सगळे २०८ विकले, म्हणजे वाया शून्य आणि केकमागे पूर्ण २२० सुटले, तरी महिन्याला हाती १४,००० च्या आसपास. त्याहून जास्त पाहिजे तर ओव्हनचा दुसरा तास काढावा लागेल आणि ब्रेक-इव्हन पुन्हा वर सरकेल.

पहिल्या पायरीत कारागिराच्या पगाराचं म्हणालो होतो ते इथे लावा. सजवणारा १४,००० पगारावर न ठेवता केकमागे ६० रुपये देऊन बोलावला तर? (बडोद्यात बेकिंगचा कोर्स केलेल्या बऱ्याच मुली-बायका असं दोन-तीन तासांचं काम घेतात.) केकचं काँट्रिब्युशन २०९ वरून १४९ वर येतं, तर महिन्याचा खर्च २४,००० वरून १०,००० वर. (१०,००० + ७,८००) भागिले १४९, म्हणजे १२० केक. सगळे २०८ विकले, म्हणजे वाया शून्य आणि केकमागे १६० सुटले, तर हाती १५,५०० च्या आसपास. पगारी माणूस परवडायला लागतो १४,००० भागिले ६० म्हणजे २३३ केकच्या पुढे, आणि तेवढे केक तर आपल्या एका तासात निघतच नाहीत! म्हणजे या दुकानाला पगारी डेकोरेटर ठेवण्यात सध्या काहीच अर्थ नाही, कितीही चांगला मिळत असला तरी. नगामागे कमी सुटतंय म्हणून वाईट वाटतं खरं, पण भार कमी असणं नव्या मालाच्या सुरुवातीला जास्त कामाचं.

६. आकडे थोडे वाकवून बघा

एकच उत्तर घेऊन चिलरवाल्याकडे जाऊ नका, दोन-तीन गोष्टी बिघडवून बघा. मी नगावरचाच हिशोब धरतोय, म्हणजे १२० केकवाला.

वाया जाणं. दहातले तीन टाकावे लागले तर सात केकवर १,००० बसतात, म्हणजे १४३, अधिक ३०, अधिक सजावटीचे ६०: खर्च २३३, सुटले ११७, आणि ब्रेक-इव्हन १५३. शोकेस भरलेली दिसावी म्हणून पाच-सहा केक सतत मांडून ठेवायची हौस इथे महागात जाते. दोन-तीन मांडा, बाकी फोटो दाखवून ऑर्डरवर, ऑर्डरच्या केकमध्ये वाया जवळपास शून्य. एप्रिल-मेच्या बडोद्याच्या उन्हात क्रीम घरी पोचेपर्यंत सुटलं तर तो केकही वायाच धरा, गिऱ्हाईक परत आणतंच.

सूट. ३५० वर १० टक्के सूट दिली तर ३५ रुपये सरळ काँट्रिब्युशनमधून जातात. १४९ चे ११४ होतात आणि १२० केकचे १५७. गिऱ्हाइकाला १० टक्के दिले, तुमचे जवळजवळ पाव गेले. डिलिव्हरी ॲपचं कमिशन याच रकान्यात टाकून बघा, ते या १० टक्क्यांपेक्षा मोठं असतं, आणि ॲपवरच्या केकची वेगळी किंमत ठेवायची की नाही ते तिथेच ठरेल.

मंदीचा महिना. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नका. श्रावण, पितृपक्ष, मुलांच्या परीक्षा, असा एखादा सुस्त महिना धरून १२० होतील का ते विचारा. जुन्या गिऱ्हाइकांना सरळ विचारलं तरी चालतं, की पुढच्या दोन महिन्यांत घरात कुणाचा वाढदिवस आहे का आणि केक कुठून आणता. "हो हो, घेऊ की काका" याला ऑर्डर समजू नका, तारीख आणि फोन नंबर लिहून दिला तर समजा.

केक घ्यायला आलेला माणूस खारीही नेईल हा फायदा मी हिशोबात घेत नाही. नेला तर चांगलंच. उलटं मात्र तपासा: कपकेक किंवा टी-केक ठेवणार असाल तर संध्याकाळच्या चहासाठी पाव किलो खारी नेणारा तेच नेईल, आणि पाव किलो खारीमागे बुडालेले ३० रुपये कपकेकच्या खर्चात धरावे लागतील. वाढदिवसाच्या केकला ही अडचण फारशी येत नाही.

७. पैसे गुंतवायच्या आधीचं शेवटचं

एफएसएसएआयच्या लायसन्समध्ये केक-पेस्ट्री धरलेली आहे का बघा, नसेल तर ते आधी जोडून घ्या. चिलरचा भार दुकानाच्या मंजूर वीजभारात बसतो का ते वायरमनला विचारा, वाढवावा लागला तर स्थिर आकार वाढेल आणि तो B1 मध्ये जाईल.

मग महिना-दीड महिना फक्त ऑर्डरवर चालवा, घरच्या किंवा जुन्या फ्रिजवर, सजावट नगावर. त्या काळात रोज चारच गोष्टी लिहा: किती बनवले, किती विकले, किती टाकले, ओव्हन किती वेळ केकला दिला. दिवसाला दोन-अडीच ऑर्डर येत असतील तर महिन्याला बावन्न ते पासष्ट होतात, चिलर घेऊन त्या एकदम दुप्पट होतील हे मला तरी पटत नाही, तसंच ऑर्डरवर चालू द्या. चारपर्यंत गेल्या तर काउंटरवरच्या दोन-तीन मांडलेल्या केकमुळे १२० पार होणं शक्य आहे, तेव्हा चिलर, आणि तोही आधी वापरलेला मिळतो का बघा. मार्जरिन किंवा क्रीमचा भाव बदलला, की B4 बदला आणि खारीचंही पुन्हा काढा, कारण खारीत मार्जरिन निम्म्याहून जास्त खर्च खातं आणि ते महागलं की ओव्हनच्या त्या तासाची किंमतही बदलते.